बिल वेळेवर जातंय, पैसे मात्र लटकत्यात: दोष बिलाच्या मांडणीत आहे का ते कसं ओळखायचं आणि काय बदलायचं

बेळगावच्या उद्यमबागेत ही तक्रार मला दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकायला मिळते. माल ठरल्या दिवशी गेला, बिल मालाबरोबर गेलं, क्रेडिट तीस दिवसांचं ठरलंय आणि पैसे येतात पंचावन्न-साठ दिवसांनी, तेही चार फोन केल्यावर. मी इथल्या चार-पाच छोट्या युनिटांची बिलं आणि जीएसटीचं काम बघते, त्याआधी शहापूरला एका प्रेसमध्ये आठ वर्षं डीटीपी केलंय, त्यामुळं बिल हातात आलं की हिशोब आणि अक्षरं दोन्हीकडं एकदमच नजर जाते. एका युनिटचं बिल आम्ही मुळापासून बदललं, ते कसं आणि का ते इथं सविस्तर लिहितेय, कारण हाच त्रास बऱ्याच जणांना आहे आणि पुन्हा पुन्हा होतो.

आधी एक गोष्ट तपासा. पैसे उशिरा येण्याची कारणं दोन. एक म्हणजे घेणाऱ्याकडंच पैसे नाहीत, तिथं बिल कितीही सुंदर करा, काही फरक पडणार नाही. दुसरं म्हणजे पैसे आहेत पण बिल कुठल्यातरी टेबलावर अडकलंय. यातलं आपलं कुठलं हे ओळखायला एक महिना वहीत लिहून ठेवा, त्यांचा फोन किंवा मेसेज आला तर त्यांनी नेमकं काय विचारलं. 'पुढच्या आठवड्यात बघू' एवढंच उत्तर येत असेल तर तो पैशाचा प्रश्न आहे. पण 'हे कुठल्या पीओचं आहे', 'तुमचा आयएफएससी परत पाठवा', 'बिल नंबर जुळत नाही', 'ड्यू कधी होतं' असं काही विचारत असतील तर समजा की त्यांना पैसे द्यायचेत, फक्त तुमचा कागद त्यांना ते करू देत नाहीये. आणि जो प्रश्न येतो तीच गोष्ट बिलावर एकतर नाही, नाहीतर आहे पण सापडत नाही.

आमची केस अशी. एक सीएनसी टर्निंगचं युनिट आहे, मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो, तीन मशीनं, सहा माणसं. त्यांचा मोठा गिऱ्हाईक कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत, पंपाचे पार्ट घेतो. म्हणजे माल कर्नाटकातून महाराष्ट्रात, बॉर्डर ओलांडून, त्यामुळं आयजीएसटी. त्या कंपनीचे सलग तीन पेमेंट ५२, ५८ आणि ६१ दिवसांनी आले. मामा म्हणाले, "अगं, रिजेक्शन एक पीस नाही, मग पैसे का अडवालेत?" मी वही काढली. तीन महिन्यांत त्यांच्याकडून नऊ वेळा विचारणा झाली होती, चार वेळा पीओ नंबर, तीन वेळा बँकेचं, दोन वेळा बिल नंबर. मालाबद्दल एकदाही नाही.

मग मी आणि मामा गाडी काढून शिरोलीला गेलो, कारण फोनवर हे कळत नाही, आपलं बिल त्यांच्या फाईलमध्ये कसं दिसतं ते डोळ्यानं बघावं लागतं. ज्याला जमेल त्यानं हे एकदा करावंच. तिथं कळलं की आमचं बिल तीन माणसांच्या हातातून जातं आणि तिघांना त्यातलं वेगवेगळं हवं असतं. पहिले स्टोअरवाले, ते पीओ नंबर, पार्ट नंबर आणि नग बघतात, माल मोजतात, शिक्का मारतात आणि जीआरएन नंबर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा नंबर, हातानं लिहितात. मग अकाउंटच्या मॅडम, त्या बिल नंबर, तारीख, जीएसटीआयएन, टॅक्सेबल रक्कम आणि टॅक्स बघून एन्ट्री करतात. शेवटी पेमेंट करणारा मुलगा, त्याला एकूण रक्कम, ड्यू डेट आणि बँक एवढंच लागतं. आणि आमच्या बिलात या तिघांच्या गोष्टी सगळीकडं विखुरलेल्या होत्या.

मॅडमनी फाईल उघडून आमचं बिल दाखवलं आणि मला खरंच वाईट वाटलं. वरती पानाचा पाव भाग युनिटचं नाव, देवाचा फोटो, गिअरचं चित्र. नावाची पट्टी गडद निळी, त्यावर पांढरी अक्षरं, आणि त्याच पट्टीत जीएसटीआयएन. झेरॉक्समध्ये ती पट्टी नुसती काळी झालेली आणि जीएसटीआयएनचं तिसरं चौथं अक्षर गायब. पीओ नंबर अगदी खाली 'रिमार्क'मध्ये. ड्यू डेट नाहीच, 'पेमेंट ३० डेज' एवढंच. डाव्या कडेला फाईलिंगचं पंच मारलेलं, त्याचं भोक नेमकं पहिल्या ओळीच्या पार्ट नंबरवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली डावीकडं बँक डिटेल्स होते आणि त्याच्यावर स्टोअरचा जांभळा गोल शिक्का. आयएफएससीची मधली चार अक्षरं शिक्क्याखाली. स्टोअरच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "बाई, तुमच्या बिलावर शिक्का मारायला दुसरी जागाच नाही की."

म्हणजे दर वेळेला बँकेचं का विचारत होते त्याचं उत्तर हे. आम्ही समजत होतो त्यांचं दुर्लक्ष आहे.

क्रम: कुणाला काय कुठं हवंय

घरी येऊन पहिलं काम मी केलं ते म्हणजे बिलातलं सगळं एका कोऱ्या कागदावर लिहून काढलं आणि प्रत्येकाच्या पुढं लिहिलं हे स्टोअरला लागतं, अकाउंटला की पेमेंटला. मग पान वरून खाली त्याच क्रमानं लावलं ज्या क्रमानं कागद फिरतो.

वर डावीकडं आपलं नाव, पत्ता, जीएसटीआयएन, साध्या पांढऱ्यावर काळ्या अक्षरात, चार ओळीत संपलं पाहिजे. लोगो ठेवला पण अंगठ्याएवढा. वर उजवीकडं, म्हणजे फाईल चाळताना ज्या कोपऱ्यावर नजर पडते तिथं, चार ओळींचा एक चौकोन. हा चौकोन म्हणजे बिलाचा जीव आहे:

```
Invoice No.    UB/25-26/0147
Invoice Date   12-Jun-2025
Your PO No.    4500 / 10-May-2025
Due Date       12-Jul-2025
```

पीओ नंबर 'रिमार्क'मधून इथं आला. लेबलमध्ये 'युवर पीओ' असं लिहा, कारण नुसतं 'ऑर्डर नंबर' लिहिलं की तो आपला नंबर की त्यांचा, हा गोंधळ होतो. लेबलं मी इंग्रजीतच ठेवली, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच शब्द दिसतात, म्हणून त्यांची नजर तेच शोधते. गावातल्या गिऱ्हाइकाचं वेगळं, त्याबद्दल पुढं.

ड्यू डेट तारखेतच लिहायची. '३० दिवस' लिहिलं की वाचणारा मोजत बसतो, आणि कुठून मोजायचे, बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, हे प्रत्येकजण आपल्या सोयीनं ठरवतो. एक्सेलमध्ये बिल करत असाल आणि बिलाची तारीख समजा `H5` मध्ये असेल तर ड्यू डेटच्या खान्यात `=H5+30` घाला, तारीख आपोआप येते. मात्र मोजणी कुठून हे गिऱ्हाइकाबरोबर आधी ठरलेलं असलं पाहिजे. आपण बिलाच्या तारखेपासून धरायचं आणि त्यांच्या पीओत जीआरएनपासून लिहिलंय असं असेल तर छापलेली तारीख त्यांना चुकीची वाटते आणि ते ती बघायचीच सोडतात.

उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही मायक्रो किंवा स्मॉलमध्ये असाल तर तो नंबर ड्यू डेटच्या बरोबर खाली छापा, पानाच्या तळाला नको. एमएसएमई कायद्यात कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. आणि आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळं ही मुदत चुकवलेलं वर्षअखेरीचं देणं घेणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येतं. त्यामुळं अकाउंटवाले मार्चच्या आसपास उद्यमवाले सप्लायर वेगळे काढून बसतात. तुमचा नंबर त्यांना दिसला नाही तर तुम्ही त्या यादीत येतच नाही. फक्त हे बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला हा फायदा मिळत नाही, उद्यम असलं तरी.

बिल नंबरचं एक सांगायलाच पाहिजे. जीएसटीच्या नियमानं बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरकी रेघ चालते, आणि एका आर्थिक वर्षात तो परत यायचा नाही. मामांच्या जुन्या छापील पुस्तकात `UB/25-26/` हे बारीक छापलेलं आणि पुढं `0147` मोठ्या लाल आकड्यात. कोल्हापूरच्या मॅडम नुसतं 147 टाकायच्या, आमच्या जीएसटीआर-१ मध्ये पूर्ण नंबर, मग त्यांना दिसणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये मेळ बसेना आणि टॅक्सची रक्कम त्या धरून ठेवायच्या. दोष त्यांचा नव्हता, जे मोठं दिसतं तेच माणूस लिहितो. आता पूर्ण नंबर एकाच फॉन्टमध्ये, एकाच साईझमध्ये, एका ओळीत.

त्याच्या खाली घेणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटीआयएन डावीकडं, माल जिथं उतरणार तो पत्ता वेगळा असेल तर उजवीकडं. बॉर्डरपलीकडं जाणाऱ्या बिलावर प्लेस ऑफ सप्लाय राज्याच्या नावासकट लागतं, ते इथंच, महाराष्ट्र, कोड २७. आपला कोड २९, तो जीएसटीआयएनच्या पहिल्या दोन आकड्यांत दिसतोच.

मधला तक्ता: खाने कमी करा

जुन्या तक्त्यात अकरा खाने होते. सीजीएसटी दर, सीजीएसटी रक्कम, एसजीएसटी दर, रक्कम, आयजीएसटी दर, रक्कम असे सहा खाने नुसते टॅक्सचे आणि कोल्हापूरच्या बिलात त्यातले चार कायम 0.00. ते सगळं मावावं म्हणून अक्षरं साडेसहा पॉईंटवर आणलेली आणि मालाचं वर्णन 'मशिनिंग पार्ट' एवढ्यावर कापलेलं. स्टोअरवाल्या काकांना नेमकं तेच वर्णन लागतं, आणि नेमकं तेच नाही.

सगळ्या ओळींना टॅक्सचा दर एकच असेल तर टॅक्स तक्त्यातून काढून खाली बेरजेत न्या. बेळगाव-हुबळीच्या बिलाला सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या दोन ओळी, कोल्हापूर-सांगलीच्या बिलाला आयजीएसटीची एकच ओळ. यासाठी एक्सेलमध्ये दोन वेगळी शीट ठेवा, राज्यातलं आणि राज्याबाहेरचं, म्हणजे रिकामे शून्य छापायची वेळच येत नाही. ओळींना दर वेगवेगळे असतील तर मात्र दराचा एक खाना तक्त्यात ठेवावा लागतो आणि खाली दरवार बेरीज द्यावी लागते.

ए४ पान २१० मिलिमीटर रुंद. डावीकडं २० सोडा, उजवीकडं १५, उरतात १७५. डावीकडं २० यासाठी की पंचचं भोक साधारण कडेपासून १२ मिलिमीटरवर पडतं, १० चा मार्जिन ठेवला की भोक मजकुरावर पडणारच. या १७५ मधले ६५-७० वर्णनाला द्या आणि वर्णनात पहिल्यांदा त्यांचा पार्ट नंबर, मग त्यांच्या पीओत जे शब्द आहेत तेच शब्द. आपण शॉपमध्ये त्याला 'मोठी फ्लॅन्ज' म्हणत असू, बिलावर ते नको. पीओमध्ये ओळ नंबर 10, 20 असे असतील तर तेही एका छोट्या खान्यात. युनिटसुद्धा पीओचंच, त्यांनी नग मागितलेत आणि आपण सेट लिहिलं की संगणक ते घेत नाही आणि बिल परत पर्चेसकडं जातं.

नवीन बिल असं झालं. ओळ 10, फ्लॅन्ज, 240 नग, दर 185.00, रक्कम 44,400.00. ओळ 20, बुश, 600 नग, दर 62.50, रक्कम 37,500.00. खाली टॅक्सेबल 81,900.00, आयजीएसटी 18% 14,742.00, एकूण 96,642.00. बस्स. ज्याला तपासायचंय तो कॅल्क्युलेटर घेऊन अर्ध्या मिनिटात तपासतो आणि पुढं जातो. ही सोय आपण त्याला करून द्यायची असते.

आकडे उजवीकडं चिकटवा आणि सगळीकडं दोन दशांश ठेवा, 185 एका ओळीत आणि 62.50 दुसऱ्या ओळीत असं नको. टिंबाखाली टिंब आलं की रक्कम एका नजरेत लहान-मोठी कळते. मधोमध लावलेले आकडे दिसायला छान वाटतात पण 4,400 आणि 44,400 मधला फरक डोळ्याला जाणवत नाही. लाखाच्या जागी स्वल्पविराम पाहिजे असेल आणि तुमचं एक्सेल 123,456 असं दाखवत असेल तर कस्टम फॉर्मॅटमध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

एवढं लक्षात ठेवा की वजा रकमेला हे लागू पडत नाही, क्रेडिट नोटमध्ये मायनस लाख आले तर ते जुन्या पद्धतीनंच दिसणार.

तक्त्यातल्या उभ्या रेघा मी जवळजवळ सगळ्या काढल्या. प्रेसमध्ये असल्यापासून बघतेय, आपल्याकडं प्रत्येक खान्याला चारी बाजूंनी जाड रेघ मारल्याशिवाय लोकांना बिल पूर्ण वाटत नाही, आणि तीच रेघ झेरॉक्समध्ये आकड्याला चिकटून 1 सारखी दिसते. 1,185 की 185 असा प्रश्न मी स्वतः बघितलाय. आडव्या बारीक रेघा ठेवा, खान्यांमध्ये मोकळी जागा सोडा आणि बेरजेच्या वर एक जाड रेघ द्या. पंक्तीची उंची 20 ते 22 पॉईंट. एक्सेल नेहमी 15 देतं, त्यात इंग्रजी मावतं पण देवनागरी लिहिलं की खालचा उकार कापला जातो, 'बुश'चं 'बश' होतं.

एकूण रक्कम पानातली सगळ्यात मोठी ठेवा, 14 पॉईंट ठळक. बाकी मजकूर 10, लेबलं 9. खातं नंबर, आयएफएससी आणि जीएसटीआयएन सोडले तर तीनच साईझ. ठळक फक्त चार ठिकाणी, बिल नंबर, ड्यू डेट, एकूण रक्कम आणि खातं नंबर. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही, मामांच्या जुन्या बिलात तसंच झालं होतं.

बँकेचा चौकोन: इथं फॉन्ट खरंच पैसे अडवतो

याला मी जास्त वेळ दिला कारण तीन विचारणा याच्याच होत्या, आणि त्यातल्या एकीत पाठवलेले पैसे परत गेले होते. एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते खातं नंबर बघून, नाव वर बरोबर लिहिलंय म्हणून काही वाचत नाही. त्यामुळं एक आकडा चुकला तर पैसे परत तरी येतात नाहीतर दुसरीकडं जातात.

आमचे पैसे परत गेले त्याचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. मामांचं खातं इथल्या एका सहकारी बँकेत, खातं नंबर शून्यानं सुरू होतो. एक्सेलच्या खान्यात नंबर म्हणून टाकला की पुढचं शून्य एक्सेल काढून टाकतं. बिलावर छापताना शून्य नाहीसं, आणि कुणाच्या लक्षातही नाही. याहून वाईट म्हणजे एक्सेल फक्त १५ आकडे नीट ठेवतं, खातं नंबर सोळा-सतरा आकडी असेल तर सोळाव्यापासून पुढचे आकडे गुपचूप शून्य करून टाकतं. म्हणून खातं नंबर टाकायच्या आधी खान्याचा फॉर्मॅट टेक्स्ट करा किंवा नंबराच्या आधी एक ॲपॉस्ट्रॉफी टाका, `'00123...` असं, ती छापताना दिसत नाही. आणि मग छापलेलं बिल आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक आकडा बोटानं जुळवा, आपण नव्हे, दुसऱ्या कुणाकडून तरी, कारण आपल्याला पाठ असलेला नंबर आपण वाचत नाही.

आता अक्षरांचं. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. ते पाचवं शून्य लोक हमखास इंग्रजी ओ म्हणून टाईप करतात, कारण एरियलसारख्या फॉन्टमध्ये दोन्हीत फारसा फरक नाही. जीएसटीआयएनमध्येही तसंच, १५ अक्षरांत आकडे आणि अक्षरं मिसळलेली, शेवटून दुसरं बहुतेक सगळ्यांचं Z, ते घाईत 2 वाटतं. या तीन गोष्टींसाठी, म्हणजे खातं नंबर, आयएफएससी आणि जीएसटीआयएन, मी `Consolas` वापरते. त्यात शून्यात तिरकी रेघ असते, सगळी अक्षरं एकाच रुंदीची येतात, आणि 1 व I वेगळे कळतात. साईझ मात्र 11 च्या खाली नको. बारीक छापलं आणि झेरॉक्स खराब निघाली की त्या रेघेमुळं शून्य 8 सारखं दिसायला लागतं, हे मी 8 पॉईंटवर करून बघितलंय.

खातं नंबर चार-चारच्या गटात तोडून लिहायचा मोह होतो, वाचायला सोपा जातो खरा. पण पीडीएफमधून कॉपी करणारा माणूस मधल्या मोकळ्या जागेसकट कॉपी करतो आणि काही बँकांच्या साईटवर तो घेतला जात नाही. मी सलगच ठेवते आणि अक्षरांमधलं अंतर फॉन्टच्याच रुंदीवर सोडते.

जागा कुठं, तर एकूण रकमेच्या लगेच खाली, उजवीकडं. रक्कम बघितली की नजर तिथंच खाली उतरते. आणि डावीकडं खाली साधारण ७० बाय ४५ मिलिमीटरचा कोरा चौकोन, त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'रिसीव्हर्स स्टॅम्प / जीआरएन नंबर'. शिक्क्याला जागा दिली की शिक्का तिथंच पडतो. पहिल्याच बिलाला काकांनी तिथं शिक्का मारला आणि त्याच्याखाली जीआरएन नंबर सरळ ओळीत लिहिला. माझ्या मते सगळ्या बदलात सगळ्यात उपयोगी हाच निघाला, आणि यात छापायचं काहीच नव्हतं.

सही, रिव्हर्स चार्ज नाही ही ओळ, अक्षरी रक्कम, ई-वे बिल नंबर, हे सगळं त्याच्या खाली. माल पाठवताना तीन प्रती लागतात, घेणाऱ्याची, ट्रान्सपोर्टरची आणि आपली, त्या कुठली कुठली हे वर अगदी उजव्या कोपऱ्यात. जुन्या बिलातल्या अटींच्या अकरा ओळी होत्या, 'गुड्स वन्स सोल्ड' वगैरे, त्यातल्या दोन ठेवल्या, न्यायक्षेत्र आणि उशिराचं व्याज. बाकीच्या कुणी वाचत नव्हतं आणि जागा खात होत्या.

गावातली बिलं आणि मराठी-कन्नड फॉन्ट

वडगाव-शहापूरच्या साडीवाल्यांची बिलं मी बघते तिथं गिऱ्हाईक दुकानदार असतो, कुणी मराठी, कुणी कन्नड. तिथं मालाचं नाव त्यांच्या भाषेत असलं की पटकन कळतं, आम्ही वर इंग्रजी आणि खाली बारीक मराठी किंवा कन्नड देतो. पण आकडे सगळीकडं 1, 2, 3 असेच ठेवा. देवनागरी ५ आणि ६, कन्नड १ आणि शून्य, हे एका भाषेचा दुसऱ्याला वाचताना फसवतात, आणि बिलात फसायला परवडत नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या, `Mukta` किंवा `Noto Sans Devanagari`, कन्नडला `Noto Sans Kannada`. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं बिल छापल्यावर उत्तम दिसतं पण पीडीएफमधून कॉपी केलं किंवा शोधलं की नुसती इंग्रजी चिन्हं येतात, आणि ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला फाईल उघडल्यावर तेच दिसतं.

छापायच्या आधीची तपासणी

नवीन मांडणी पाचशे प्रती छापायला टाकू नका. एक प्रत काढा, तिची झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स. घेणाऱ्याच्या ऑफिसात तुमचं बिल हमखास अशाच अवस्थेत असतं. ती दुसरी झेरॉक्स घरातल्या अशा माणसाला द्या ज्याला धंद्यातलं काही माहीत नाही आणि विचारा, किती पैसे, कधी, कुठल्या खात्यात, कुठल्या ऑर्डरचे. मी माझ्या सासूबाईंना दिली होती. रक्कम आणि तारीख लगेच सांगितली, पीओ नंबरला अडखळल्या कारण मी त्याचं लेबल फिकट राखाडी केलं होतं आणि झेरॉक्समध्ये ते उडालं होतं. राखाडी काढून काळं केलं.

व्हॉट्सॲपवर बिल पाठवताना फोटो काढून पाठवू नका, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, बारीक आकडे पुसट होतात आणि त्यातून कॉपीही करता येत नाही. एक्सेलमधून सरळ पीडीएफ करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलचं नाव `UB_25-26_0147_PO4500.pdf` असं, 'बिल न्यू फायनल २' असं नको, त्यांना दोन महिन्यांनी शोधायचं असतं. नावात तिरकी रेघ चालत नाही म्हणून तिथं अंडरस्कोर.

नव्या मांडणीची पहिली तीन बिलं ४१, ३४ आणि ३२ दिवसांत आली. पहिलं ४१ ला आलं कारण मॅडमच्या सिस्टीममध्ये आमचा जुना, शून्य गेलेला खातं नंबरच सेव्ह होता, बिलावर बरोबर छापून उपयोग नव्हता, बँकेच्या कॅन्सल चेकसकट लेखी कळवून तो बदलून घ्यावा लागला. तुमच्याकडंही खातं नंबर चुकीचा छापला गेला असेल तर नवीन बिलाबरोबर हे पत्र वेगळं पाठवा, नाहीतर ते जुन्यावरच टाकत राहतील. त्याच युनिटचं दुसरं एक गिऱ्हाईक आहे निपाणीकडचं, त्यांना तेच नवीन बिल जातं, विचारणा एकही नाही आणि पैसे अजूनही ७० दिवसांनीच येत्यात. ते पहिल्या प्रकारातलं आहे, तिथं मामांनी आता माल पाठवायच्या आधी निम्मे पैसे घ्यायला सुरुवात केलीय.